मदत हवी आहे: ठिसूळ हाडे आणि गुडघेदुखी असलेल्या आईला वाकण्याची सवय कशी सोडवावी?

माझी आई 68 वर्षांची असून तिची पाळी 42व्या वर्षीच थांबली होती आणि दम्यासाठी तिने अनेक वर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत. आता हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कण्याचा टी-स्कोअर उणे 2.9, म्हणजे ठिसूळ हाडांच्या पातळीचा, आला आहे. उजव्या गुडघ्याला संधिवात आहेच.

कॅल्शियमचा हिशेब आम्ही बसवला आहे: दिवसाला 1200 मिलिग्रॅमपैकी निम्मे दूध, दही आणि नाचणीच्या भाकरीतून मिळते, उरलेल्यासाठी जेवणासोबत गोळी असते. ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे.

खरी अडचण हालचालींची आहे. फिजिओथेरपिस्टने कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या रेट्याने उठायला आणि काठी डाव्या, म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायला शिकवले. पण पहाटे ती सरळ उठून बसते, आणि केर काढताना कमरेतून वाकते, ज्याने मणका दबून मोडू शकतो. लांब दांड्याचा झाडू आणला, तो दाराआडच उभा आहे.

ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांची अशी जुनी सवय प्रत्यक्ष बदलली आहे, त्यांनी ती नेमकी कशी बदलली, हे कृपया सांगावे.