मदत हवी आहे: बाबांच्या डोळ्यांच्या गोळ्या चालू ठेवू का?

वाळवेकर_पोरगा: बाबा ६९ वर्षांचे, आम्ही इस्लामपूरजवळचे. सांगलीत पडदा तपासला. रिपोर्टवर ड्राय मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाची झीज, मध्यम टप्पा, असं आहे. डॉक्टर म्हणाले, "सप्लिमेंट घ्या." मेडिकलवाल्यानं जी बाटली दिली तिच्यावर बीटा कॅरोटीन लिहिलंय आणि 'नजर तेज, चष्म्याचा नंबर कमी' असंही छापलंय. बाबांनी बिडी सोडून बरीच वर्षं झाली. चालेल का?

शेवगा_प्रेमी: गोळ्या कशाला? गाजर आणि शेवग्याचा पाला सुरू करा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, हे शाळेतच शिकलोय. माझ्या मामेभावाचा तर नंबर उतरला.

मिरज_ऑप्टोम: रातांधळेपणाचं खरं आहे, पण ते कमतरता असेल तेव्हा. चष्म्याचा नंबर बुबुळाच्या आणि डोळ्याच्या आकारावर ठरतो, तो गाजरानं उतरत नाही.

आता बाटलीचं. ही गोळी ज्या संशोधनावरून आली, त्याच्या २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात बीटा कॅरोटीन काढून त्याजागी १० मिग्रॅ ल्युटिन आणि २ मिग्रॅ झियाझँथिन घातलं. कारण बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त दिसला, आणि त्यातले बहुतेक पूर्वी विडी-सिगारेट ओढणारे होते. म्हणून बिडी सोडली असली तरी ही बाटली थांबवा आणि डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या.

नव्या बाटलीवर क ५०० मिग्रॅ, ई ४०० युनिट, झिंक ८० आणि तांबं २ मिग्रॅ आहे का बघा. एवढं झिंक घेतल्यावर शरीरातलं तांबं कमी पडून रक्त कमी होऊ शकतं, म्हणून तांबं लागतं. नुसतं 'ल्युटिनयुक्त' लिहिलेली गोळी म्हणजे हे नव्हे.

फायदा किती? गेलेली नजर परत येत नाही. मध्यम टप्प्यातून पुढच्या टप्प्यात जाण्याचा धोका पाच वर्षांत साधारण पाव हिश्शानं कमी होतो. सुरुवातीच्या टप्प्यात किंवा निरोगी डोळ्याला उपयोग दिसलेला नाही.

कराड_काकू: माझ्या मोतीबिंदूला पण सुरू करू का? शेजारीण म्हणते, विरघळतो.

मिरज_ऑप्टोम: नाही काकू. मोतीबिंदूवर शस्त्रक्रियाच. त्याच संशोधनात मोतीबिंदू थांबल्याचंही दिसलं नाही.

वाळवेकर_पोरगा: आणि जेवणात काय?

मिरज_ऑप्टोम: पालक, मेथी, अंड्याचा बलक. पालेभाजीला तेलाची फोडणी असू द्या, ल्युटिन तेलाबरोबरच नीट शोषलं जातं. पण गोळीतलं झिंक ताटातून भरून निघत नाही, तेव्हा एकाच्या जागी दुसरं धरू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि दर आठवड्याला एक डोळा झाकून खिडकीचे गज बघायला लावा. गज वाकडे किंवा मधे पुसल्यासारखे दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा, तेव्हा इंजेक्शनची वेळ आलेली असू शकते.

वाळवेकर_पोरगा: बाटली बंद केली. बाबा अजून तंबाखू मळतात, ती पण धरायची का?

मिरज_ऑप्टोम: त्या अभ्यासातली कर्करोगाची गोष्ट धूम्रपानाबद्दल होती, मळलेल्या तंबाखूबद्दल मी त्यावरून सांगणार नाही. डॉक्टरांपुढे मात्र लपवू नका.