सिक्युरिटी की लॅपटॉपवर चालते, फोनवर नाही. मदत हवी आहे

केंद्रचालक_दारव्हा
सेवा केंद्राच्या जीमेलला टू-स्टेपसाठी सिक्युरिटी की लावली आहे. मोठ्या यूएसबीची, एनएफसी नसलेली. लॅपटॉपच्या क्रोममध्ये लगेच चालते. फोनला टाइप-सी ओटीजी कनेक्टरमधून लावली की दिवाच लागत नाही, आणि पान नुसतं ‘की लावा’ म्हणत राहतं. कनेक्टर बदलूनही तेच. इथं लाइट गेली की लॅपटॉप फार वेळ टिकत नाही, म्हणून फोनवरून लॉगिन व्हायलाच हवं. की खराब समजायची का?

वऱ्हाडी_गडी
ड्रायव्हर टाकला का भाऊ? आमच्या ग्रामपंचायतीच्या टोकनले ड्रायव्हर टाकल्याबिगर काईच होत नाही.

अळणी_चहा
ते सहीचं डीएससी टोकन झालं भाऊ. दिसायला तसंच असतं, काम वेगळं. या कीला ड्रायव्हर लागत नाही. लॅपटॉपवर चालते म्हणजे की ठणठणीत आहे. फोनमध्ये दिवा लागत नाही, तर तिथवर करंटच जात नसणार.

रिपेरिंगवाला
फाइल मॅनेजर उघडून बघा. की तिथं दिसली नाही तर फोनला ओटीजीच नाही समजा.

अळणी_चहा
ओटीजीवर शंका बरोबर, पण ही परीक्षा चुकीची. की फाइल मॅनेजरमध्ये कधीच दिसत नाही, तिच्यात फाइली नसतात. त्याच कनेक्टरला साधा यूएसबी माऊस लावा. स्क्रीनवर बाण आला नाही तर सेटिंगच्या शोधात OTG लिहा. काही कंपन्यांच्या फोनात OTG connection नावाचं बटण असतं आणि ते मुळात बंद असतं. वापर नसला तर दहाएक मिनिटांत आपोआप बंदही होतं. त्यामुळे सकाळी चालू करून दुपारी की लावली तर पुन्हा तीच तक्रार. लॉगिनच्या ऐन वेळी चालू करा, दिवा लुकलुकू लागला की कीवर बोट टेकवा.

शेगावकर_ताई
माझी लॅपटॉपवरच अडते. दिवा लुकलुकतो, बोट ठेवलं की This security key doesn't look familiar.

अळणी_चहा
ताई, तुमचा प्रकार उलटा आहे. की ओळखली गेली, पण त्या खात्याला नोंदलेली नाही. ईमेल आयडी तोच टाकताय का ते आधी तपासा. दुसऱ्या खात्यासाठी की वेगळी नोंदवावी लागते.

केंद्रचालक_दारव्हा
माऊसचा बाण आला नव्हता. बटण बंदच होतं. चालू केल्यावर क्रोममध्ये लॉगिन झालं. पण एका ॲपमधून साइन-इन केलं तर पान ॲपच्या आतच उघडतं आणि कीचा पर्यायच येत नाही.

अळणी_चहा
ॲपच्या आतल्या पानाला की वापरू द्यायची सोय ॲपवाल्यानंच करावी लागते. तेच काम क्रोममधून होत असेल तर तिथून करा. नसेल तर गुगल खात्यातून बॅकअप कोड काढून छापून ठेवा. दहा मिळतात, एक कोड एकदाच चालतो.

केंद्रचालक_दारव्हा
ॲपचं काम क्रोममध्ये होत नाही, आणि कोडचा रकानाही तिथं दिसत नाही. कोणाला मार्ग माहीत आहे का?