अनुभव धागा : मित्राच्या खांद्यावरचा हात

परळकर : मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर साठीतले दोन मित्र करंगळीत करंगळी अडकवून बसलेले आजही दिसतात. त्यांच्या शेजारची कॉलेजची पोरं मात्र मध्ये बॅग ठेवून बसतात. असं का झालं? मुलांमध्ये वावरणाऱ्यांनी जरूर लिहा.

समुपदेशक_दादर : समाजशास्त्रज्ञ एरिक अँडरसन यांच्या मते मित्रांच्या जवळिकीवर समलिंगी असल्याचा संशय यायला तीन गोष्टी एकत्र लागतात. समलिंगी कुणीही असू शकतो हे लोकांना ठाऊक असणं, त्याबद्दल नापसंती असणं आणि 'बायकी' ठरण्याची लाज. पहिली गोष्ट ध्यानीमनी नव्हती, तोवर नाक्यावर गळ्यात हात टाकून उभं राहणं कुणाला खटकत नसे. आता ती मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे, पण नापसंती गेलेली नाही. हाच सगळ्यात अवघड टप्पा. ब्रिटनमध्ये नापसंती ओसरली, तसे तरुण मित्र पुन्हा मोकळेपणाने मिठी मारू लागल्याचं त्यांना आढळलं.

गिरगावकर७० : सगळा दोष समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या इंग्रजांच्या कलम 377 चा. 2018 ला गेलं ना ते? मग आता भीती कसली?

समुपदेशक_दादर : अर्धं बरोबर. कायद्याने कलंक पक्का केला, पण तो असतानाही मित्र हात धरून फिरतच होते. मुलांना धाक ग्रुपचा असतो. कुणीतरी "काय, जोडी जमली वाटतं?" म्हणतं आणि हात झटकन मागे जातो. मग खांद्यावरच्या हाताची जागा पाठीवरची थाप घेते. मिठी मारतानाही उजवे हात दोघांच्या छातीमध्ये अडकवलेले, डाव्या हाताने पाठीवर दोन धपाटे, की सुटले. हे दिसलं की समजावं, पोरं स्वतःवर पहारा ठेवून भेटतायत. पुढे एकाचे वडील गेले, तर दुसरा दाराशी उभा राहतो, कारण जवळ कसं घ्यायचं हेच हाताला ठाऊक नसतं.

मीनल_मुलुंड : माझा चौदा वर्षांचा मुलगा मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून मॅच बघतो. तो 'तसा' आहे का, हे कसं ओळखायचं?

समुपदेशक_दादर : ताई, त्यावरून काहीच ओळखता येत नाही. मानसशास्त्रज्ञ नायोबी वे यांनी अमेरिकेतल्या मुलांशी वर्षानुवर्षं बोलून पाहिलंय. तेरा-चौदाची मुलं जिवलग मित्राबद्दल प्रेमाने बोलतात आणि पंधरा-सोळाला तीच आवरतं घेतात. तुमची एक शंकेची नजरही त्याला पुरेल. डोकं तिथेच राहू द्या.

सह्याद्री_वडाळा : दहीहंडीच्या थरात तेच पोर मित्राच्या खांद्यावर उभं राहतं, खाली उतरून घट्ट मिठी मारतं, आणि कुणी हसत नाही. खेळाचं निमित्त असलं की चालतं. म्हणून निमित्त नसतानाही हात काढायचा नाही, हाच उपाय. समोरच्याला अवघडल्यासारखं होत असेल तर गोष्ट वेगळी. आणि "आमचं तसलं काही नाही" असा खुलासा नको. त्यातून 'तसलं' म्हणजे वाईट, हेच पक्कं होतं.

अनामिक_कुर्ला : पटतं, पण वर्गात खरोखर समलिंगी असलेला मुलगा हात ठेवेल का? संशय खरा ठरायची भीती त्यालाच सगळ्यात जास्त, आणि त्याला जवळ घ्यायला बाकीचेही कचरतात. "तसलं काही नाही" हे वाक्य आज त्याचं चिलखत आहे. ते काढून टाक म्हणून त्याला कुणी सांगायचं?