शब्द हवा: नॉन-श्रिंक ग्राउट

अनघा, सांगली: कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी कामाच्या सूचना मराठीत करतेय. मशीनच्या बेसखाली जो नॉन-श्रिंक ग्राउट ओततात त्याला मी ‘न आकसणारा सिमेंटचा माल’ लिहिलं, तर तिथले फिटर काका म्हणाले माल म्हणू नका, पोरं वाळू-सिमेंट कालवून भरतील. मग काय म्हणू?

वारणाकाठ: आमच्या बाथरूमच्या फरशीच्या सांध्यात ग्राउट भरलंय, पांढरं. तेच ना?

गणेश_कराड: ते वेगळं दादा. अनघाताई, ‘फुगणारं सिमेंट’ म्हणा सरळ. ते फुगून प्लेटला खालून दाबतं, म्हणून पोकळी राहत नाही.

शिंदे मिस्त्री: गणेशराव, अर्धं बरोबर आहे तुमचं. फुगतं, पण अगदी थोडं, आकसण्याची भरपाई होईल इतकंच, प्लेट उचलत नाही ते. साध्या मालाचं काय होतं, प्लेटखाली कोंबला की माल खाली बसतो, त्याला सुटलेलं पाणी वर येऊन प्लेटच्या पोटाला साचतं, ते आटलं की तिथं कागदाएवढी फट राहते, वरनं काही दिसत नाही आणि मशीन मग नुसत्या पॅकिंगवर उभं राहतं. हातोडीनं प्लेट ठोकून बघा, भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी खणखणतो.

आणि ताई, हा माल थापायचा नाही, ओतायचा. ६०० बाय ९०० ची प्लेट, खाली ४० एमएम गाळा, म्हणजे साधारण २२ लिटर, २५ किलोच्या दोन पिशव्या लागतात. काँक्रीट टाचून आदल्या दिवशी भिजवायचं, ओतताना साचलेलं पाणी काढायचं, मग एकाच बाजूनं ओतत राहायचं, समोरच्या बाजूनं माल वर येईपर्यंत. दोन्हीकडनं ओतलं की मधे हवा कोंडते.

गणेश_कराड: आमच्याकडं पंपाखाली नॉन-श्रिंकच वापरलं होतं, तरी वर्षात बोल्ट ढिले व्हायला लागले. फोडलं तर वरचा थर खडूसारखा भुगा.

शिंदे मिस्त्री: पाणी जास्त घातलं असणार. पातळ झाला की पोरांना बरं वाटतं, पण पिशवीवर लिहिलंय त्याच्यावर लोटाभर गेलं तरी पाणी सुटतं, मग तो साध्या मालासारखाच बसतो. पाणी मापानंच घ्यायचं.

अनघा, सांगली: म्हणजे ‘न आकसणारा’ हाही शब्द पुरता खरा नाही?

शिंदे मिस्त्री: प्लेटखाली खरा. बाहेरच्या उघड्या कडेला मात्र ओलं पोतं टाकलं नाही तर तिथं वाळून बारीक चिरा येतातच.

अनघा, सांगली: मग ‘ओतायचा ग्राउट’ लिहिते आणि पहिल्या ओळीत ‘यात वाळू-सिमेंट घालू नये’. ‘ओतीव’ चालेल का?

गणेश_कराड: ओतीव म्हटलं की आमच्याकडं बिडाचं कास्टिंग डोळ्यापुढं येतं. फुगणारं हेच लक्षात राहील बघा.

शिंदे मिस्त्री: फुगणारं नको. पोरं वर गाळा सोडून थांबतील, फुगून भरेल म्हणून.