दिवाळीची शिलाई: कॅप्शन एकदा वाचून सांगा

स्मिता:
मंडळी, दुकानाच्या पानावर रविवारी हे टाकायचंय:

"दिवाळीची शिलाई सुरू! शेवटची ऑर्डर १७ ऑक्टोबर. ट्रायल २४ आणि २५ ऑक्टोबर, वेळ ठरवून. अल्टरेशन मोफत."

लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तिथून मागे मोजत तारखा काढल्यात. माझं अडतंय ते शेवटच्या दोन शब्दांवर. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या रात्री दारात काय झालं ते बऱ्याच जणींनी पाहिलंय. पण फार अटी घातल्या तर नवीन लोक येणार नाहीत. काय लिहू?

मिलिंद:
स्मिता, जाहिरात मंडळाच्या या लिस्टवर एकदाच आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, हे मार्चमध्ये ठरलंय. मत विचारायला हरकत नाही, पण अंतिम मजकूर इथे परत टाकू नये. आणि आपला दिवाळीचा कार्यक्रम १४ नोव्हेंबरला आहे. निम्म्या बायका त्यासाठीच शिवून घेतात. मग शेवटची तारीख आठवडाभर पुढे का नाही?

नंदाताई:
मिलिंद, तारीख पुढे नेऊ नका. पाडव्याला नेसायच्या साडीचा ब्लाउज १४ तारखेला मिळून उपयोग नाही. आणि एकदा दोन तारखा दिल्या की सगळे दुसरीच धरतात.

स्मिता, "शेवटची ऑर्डर" म्हणजे काय तेच कॅप्शनमध्ये नाही. १६ तारखेला रात्री "माझे तीन ब्लाउज धर गं" असा मेसेज येतो आणि कापड येतं दसऱ्यानंतर. त्यामुळे सरळ लिही: कापड, माप आणि आगाऊ रक्कम तिन्ही दुकानात पोचली की ऑर्डर धरली. दादरला मी शिवायचे तेव्हा वहीत नाव कापड हातात आल्यावरच चढायचं.

दुसरं म्हणजे आरीकामाच्या ब्लाउजला १७ तारीख चालणारच नाही. ते काम आधी अखंड कापडावर होतं. गळा, बाही, पाठ आखायची, कापड चौकटीवर ताणायचं, भरायचं आणि मग कापायचं. म्हणजे माप भरतकामाच्या आधीच पक्कं व्हावं लागतं. नंतर बाजू सैल केली तर काम संपतं तिथून पुढे कोरी पट्टी दिसते. अशा ब्लाउजची ट्रायल आधी नुसत्या अस्तरावर घे. त्यांना २६ सप्टेंबरच्या पुढे हो म्हणू नकोस.

अभय:
मला वाटतं आपण उगाच गुंता करतोय. आमची आई घरी शिवायची, ती प्रत्येक शिवणीत दोन-दोन इंच माया सोडायची. कितीही वजन वाढो, उसवायचं आणि सैल करायचं. स्मितानेही सगळ्यांना भरपूर माया सोडावी, मग ट्रायलची कटकटच नको.

कविता:
स्मिता, फॉल-पिकोलाही १७ तारीखच का? माझ्या तीन साड्या आहेत. शिवाय लेझीमच्या मुलांचे कुर्ते तू करणार होतीस ना? मिलिंदने मीटिंगमध्ये तसं सांगितलं होतं.

मिलिंद:
मी फक्त विचारू म्हणालो होतो. कुर्त्यांचा विषय समितीकडे आहे, कृपया इथे नको.

नंदाताई:
अभय, माया सोडायचीच, पण ती बाजूच्या शिवणीत. तिथून सगळे मिळून दीड-दोन इंच आरामात सुटतात. त्याहून जास्त ठेवली तर पैठणीसारख्या जाड कापडात काखेखाली गोळा होतो आणि अंगावर टोचतं. शिवाय गळ्याला आणि मुंढ्याला ती माया काही करू शकत नाही. खोल झालेला गळा वर येत नाही. आखूड बाही लांब होत नाही.

एक उदाहरण सांगते. एक बाई पैठणी घेऊन आल्या, मापाला जुना ब्लाउज. तो मी आडवा टाकून मोजला तर छाती ३६. टेपने अंगावर मोजली तर ३८. जुना ब्लाउज उलटा करून पाहिला, बाजूची माया पार टोकापर्यंत सोडलेली आणि जुन्या शिवणीच्या टाक्यांची भोकं तशीच दिसत होती. त्या म्हणाल्या, "याच मापाचा शिवा, हा मला बसतो." शिवला. पक्का झाल्यावर घालून पाहिला, बाजू सैल केल्या, हूक लागले, पण हात वर जाईना, कारण मुंढा ३६च्या हिशेबाने कापलेला. शेवटी काखेत साडीच्या रंगाचा छोटा तुकडा घालावा लागला. तो तुकडा मिळाला कारण ब्लाउजपीसचा उरलेला कपटा मी टाकला नव्हता. दोन्ही बाह्यांना काठ लावल्यावर त्या कापडात फार काही उरत नाही.

ट्रायल त्यासाठीच असते. बाह्या कच्च्या टाक्यांनी लावलेल्या, हूक नाहीत, खालची पट्टी दुमडलेली नाही. तेव्हा मुंढा अर्धा इंच कोरता येतो. पक्कं झाल्यावर तेच काम म्हणजे अख्खी बाही उसवणं.

अभय:
मुंढ्याचं लक्षात आलं नव्हतं. पण मग त्या तुकड्याचे पैसे कोणी दिले? माप तर त्यांनीच दिलेलं.

स्वाती:
पैसे शिवणाऱ्यानेच सोसावेत. टेपने ३८ दिसलं होतं तर कापायच्या आधी थांबायला हवं होतं. इथल्या एका दुकानाने माझा ब्लाउज मापाच्या ब्लाउजवरून शिवला, बसला नाही, आणि वर अल्टरेशनचे वीस डॉलर घेतले. मी परत गेले नाही.

नंदाताई:
स्वाती, मी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. म्हणून निम्मे निम्मे घेतले. आजही मला ते बरोबर वाटतं.

स्मिता:
नंदाताई, आभार. मिलिंद, हा मसुदा आहे, जाहिरात नाही, म्हणून टाकतेय:

"दिवाळीची शिलाई! अस्तराचे साधे ब्लाउज शनिवार १७ ऑक्टोबरपर्यंत, आरीकामाचे २६ सप्टेंबरपर्यंत. कापड, माप आणि आगाऊ रक्कम पोचल्यावरच ऑर्डर पक्की. ट्रायल २४ आणि २५ ऑक्टोबर, सकाळी १० ते ५, प्रत्येकी वीस मिनिटं, वेळ आधी घ्यावी. साडीवर जी अंतर्वस्त्रं घालणार तीच घालून यावं. ट्रायलमध्ये सांगितलेले बदल मोफत. घरी नेल्यावर सात दिवसांत बाजूची शिवण एकदा मोफत सैल किंवा घट्ट. गळा, बाही किंवा नमुना बदलायचा असेल तर वेगळी मजुरी. ट्रायलला न आल्यास अल्टरेशन दिवाळीनंतर."

शेवटचं वाक्य कडक वाटेल, पण ठेवतेय. २ नोव्हेंबरनंतर माझ्याकडे उसवायला वेळ नसतो.

स्वाती:
मापाच्या ब्लाउजचं काय? तेही लिहा ना.

स्मिता:
तेच अजून ठरत नाहीये. तुझं आणि नंदाताईंचं, दोघींचं पटतंय. निदान इतकं करीन की मापाचा ब्लाउज आणला तरी टेप लावीन आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहीन.

मिलिंद:
मजकूर लांब झालाय. पानावर लोक पहिल्या दोन ओळीच वाचतात. तारखा वर आहेत ते बरं. ट्रायल फक्त शनिवार-रविवार का? बऱ्याच जणी शनिवारी मुलांच्या मराठी शाळेत असतात.

नंदाताई:
हे खरं आहे. सोमवारी संध्याकाळी थोडा वेळ ठेव, पण त्यापुढे नको. २६ला ट्रायल झाली तर दुरुस्ती, हूक, काजं आणि इस्त्रीला आठवडाभर मिळतो.

स्मिता:
ठेवते, ६ ते ८. कविता, फॉल-पिको २ नोव्हेंबरपर्यंत आणलास तरी चालेल. फॉल मी आधी भिजवून वाळवून घेते, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि काठ गोळा होतो, म्हणून एक दिवस जास्त धर. कुर्त्यांचं मला कोणीच विचारलेलं नाही.

कविता:
मिलिंद?