मदत हवी आहे: सहकाऱ्याचा चार्जर माझ्याकडून खराब झाला, माफीचा मेल कसा लिहू?

निखिल_पुणे: ऑफिसमधल्या सायलीताईंचा डेलचा चार्जर दोन दिवसांसाठी घेतला होता. खुर्चीचं चाक वायरीवरून गेलं. आता पिन हलवली की चार्जिंग येतं-जातं. मेलचा मसुदा: “चार्जरला थोडा प्रॉब्लेम झालाय, सॉरी. १००-२४० व्होल्टचा नवीन आणून देतो.” ठीक आहे का?

चकोर: वायर कापून जोडा, टेप लावा. नाहीतर कुठलाही ६५ वॅटचा घ्या, वॅट जुळले की झालं.

वर्षा_हार्डवेअर: नाही चकोर, वॅटबरोबर व्होल्टही तेच लागतात. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. आणि निखिल, १००-२४० ही इनपुटची ओळ आहे, ती बहुतेक सगळ्या चार्जरवर सारखीच असते. आउटपुटची ओळ वाचा.

निखिल_पुणे: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. पिन बारीक, मध्ये सुई आहे.

वर्षा_हार्डवेअर: म्हणजे ६५ वॅट, पिन ४.५ मिमीची असावी. डेलची जुनी पिन ७.४ मिमीची, तिलाही सुई असते, म्हणून मोजूनच घ्या. त्या सुईवरूनच लॅपटॉपला अडॅप्टर किती वॅटचा ते कळतं. स्वस्त नकलेत ती खूण नीट मिळाली नाही तर लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेगही पडतो. टेप लावलेल्या जोडात सुईचीच तार आधी दगा देते, शिवाय जोड तापतो. म्हणून जुना परत वापरायला देऊ नका, आणि मेलमध्ये तसं स्पष्ट लिहा.

मंदार७: माझ्या टाइप-सी चार्जरची फक्त केबल गेलीय. कुठलीही लावू का?

वर्षा_हार्डवेअर: ६५ वॅटसाठी ५ अँपिअरची केबल घ्या. ३ अँपिअरची ६० वॅटवरच थांबते.

निखिल, “थोडा प्रॉब्लेम” नको, काय झालं ते सरळ लिहा. असं:

> विषय: तुमचा चार्जर माझ्याकडून खराब झाला, बदली देतो
>
> नमस्कार सायलीताई,
> तुमचा चार्जर वापरताना माझ्या खुर्चीचं चाक वायरीवरून गेलं आणि पिनजवळ वायर आतून तुटली. चूक माझी आहे, मनापासून माफी मागतो. तो आता वापरणं सुरक्षित नाही, म्हणून बाजूला ठेवला आहे.
> बदली म्हणून डेलचाच मूळ अडॅप्टर घेतो: १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, ६५ वॅट, ४.५ मिमी पिन. खर्च माझा. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक कळवाल का? तो जुळला की गुरुवारपर्यंत आणून देतो. तोवर चार्जिंगची अडचण होत असेल तर सांगा, सोय करतो.
> निखिल

चकोर: सुईचं मला माहीत नव्हतं. पण मॉडेल विचारत बसण्यापेक्षा थेट आणून दिलेला बरा, नाही का?

वर्षा_हार्डवेअर: लेबल कमीत कमी गरज सांगतं असं धरू नका. काही मॉडेल ९० वॅट मागतात आणि लोक ६५ वर भागवतात. एक ओळ विचारायला काय हरकत आहे?

निखिल_पुणे: मेल पाठवतोय. चार्जरवर कंपनीच्या मालमत्तेचं स्टिकर आत्ता दिसलं. मग आयटीला आधी सांगू की ताईंना?