मदत हवी आहे: कर्ज ५ लाखांचं, खात्यात आले ४,९४,१००. नोंद कशी करायची?

स्वाती_मिरज
नमस्कार. आमची मिरजेत बेकरी आहे आणि टॅलीतल्या नोंदी मी करते. नव्या ओव्हनसाठी बँकेने ५ लाखांचं कर्ज दिलं: १२ टक्के व्याज, ३ वर्षं, हप्ता १६,६०७. ५ जूनला चालू खात्यात ४,९४,१०० जमा झाले, कारण ५,००० प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा ९०० जीएसटी बँकेने आधीच कापून घेतला. ५ जुलैला पहिला हप्ता गेला.

कर्ज किती दाखवायचं, ५ लाख की हातात आले तेवढे? आणि हप्त्यातलं व्याज किती धरायचं? मंजुरीपत्रासोबतच्या तक्त्यात पहिलं व्याज ५,००० आहे, पण कर्जखात्याच्या उताऱ्यात ४,९३२ लावलंय. ६८ रुपयांचा फरक कुठून आला ते कळत नाही.

अण्णा_सांगली
ताई, कर्ज पूर्ण ५ लाखच दाखवा, फेडायचं तेवढंच आहे. फी ओव्हनच्या किमतीत मिळवून टाका. व्याजाचं सोपं करा: ३६ हप्त्यांचे एकूण ५,९७,८५२ होतात, म्हणजे व्याज ९७,८५२. त्याला ३६ ने भागा, दरमहा २,७१८ टाका. शेवटी हिशोब जुळतोच.

जमाखर्च
अण्णा, ५ लाखांचं तुमचं बरोबर आहे. पण व्याज सारखं वाटू नका. शेवटच्या हप्त्याला जुळेल हे खरं, पण तोवर एकाही ३१ मार्चला बँकेची बाकी आणि वहीतली बाकी एक येणार नाही. पहिल्या वर्षी व्याज कमी दिसेल, म्हणजे नफा फुगेल.

स्वातीताई, ५ जूनची नोंद रिसीट व्हाउचरमध्ये (F6) अशी करा:

```
नावे  चालू खाते         4,94,100
नावे  प्रोसेसिंग फी        5,000
नावे  सीजीएसटी             450
नावे  एसजीएसटी             450
जमा  बँक कर्ज           5,00,000
```

कर्जाचं लेजर `Secured Loans` खाली उघडा. ओव्हन तयार घेऊन लगेच वापरायला लागलात, तर फी त्याच्या किमतीत जात नाही, ती खर्चातच. ९०० रुपयांची वजावट मात्र बँकेकडे तुमचा जीएसटी क्रमांक नोंदवलेला असेल आणि रक्कम GSTR-2B मध्ये दिसत असेल तरच घ्या. कंपोझिशनमध्ये असाल तर सगळे ५,९०० खर्चात.

आता ते ६८ रुपये. तक्ता प्रत्येक महिना सारखा धरून केलेला असतो: ५ लाखांवर १ टक्का, ५,०००. तुमची बँक प्रत्यक्षात व्याज दिवसांवर लावतेय. ५ जून ते ५ जुलै ३० दिवस: ५,००,००० × १२% × ३० ÷ ३६५ = ४,९३२. म्हणून नोंद उताऱ्याप्रमाणे: व्याज ४,९३२ नावे, कर्ज ११,६७५ नावे, चालू खाते १६,६०७ जमा. बाकी ४,८८,३२५ राहील. पुढचा महिना ३१ दिवसांचा, त्यामुळे व्याज साधारण ४,९७७ लागेल. तक्त्यात ४,८८४ आहे. घाबरू नका, दिवस जास्त म्हणून ते जास्त.

पराग_नाशिक
माझ्याकडे बँकेने पैसे थेट मशीनवाल्याला पाठवले, माझ्या खात्यात काहीच आलं नाही. मग मी नोंदच केली नाही, हप्ते खर्चात टाकतोय. चालेल ना?

जमाखर्च
पराग, नाही चालणार. खात्यात आले नाहीत म्हणून कर्ज नाहीसं होत नाही. जर्नलमध्ये (F7) मशीनवाला नावे, बँक कर्ज जमा. हप्त्यातली मुद्दल कर्जातून वजा होते, खर्च फक्त व्याजाचा.

हिशोबनीस_पुणे
भर घालते. काही बँका व्याज महिनाअखेरीस लावतात आणि हप्ता ५ तारखेला घेतात. उताऱ्यात तसं असेल तर नोंदही दोन टप्प्यांत करा: महिनाअखेरीस व्याज नावे, कर्ज जमा, ५ तारखेला अख्खा हप्ता कर्ज नावे. हप्त्याचे तुकडे पाडावेच लागत नाहीत. मात्र ५,००० फी एकदम खर्चात टाकण्याशी मी सहमत नाही, ती कर्जाच्या ३ वर्षांत वाटावी.

जमाखर्च
मोठी फी असती तर मीही वाटली असती. ५,००० साठी मी त्याच वर्षी टाकतो.

स्वाती_मिरज
आमच्या उताऱ्यात व्याज आणि हप्ता दोन्ही ५ जुलैलाच आहेत, त्यामुळे ११,६७५ वालीच नोंद केली. कर्जाची बाकी ४,८८,३२५, बँकेशी जुळली! जीएसटी नोंदणी नियमित आहे. जूनचं 2B १४ तारखेला येईल तेव्हा ९०० बघते. फीचं आमच्या सीएंना विचारते. एक राहिलं: ५ मार्चच्या हप्त्यानंतर ३१ मार्चपर्यंतचं व्याज वर्षअखेरीस वेगळं दाखवायचं का?

हिशोबनीस_पुणे
हो, तेवढ्या दिवसांचं व्याज नावे, देय व्याज जमा. दिवस मोजून काढा, तक्त्यातून उचलू नका.